होडीचं नाव ठरवताना: देव, घरातलं माणूस आणि एक आशेचा शब्द

आम्ही बडोद्याचे. घरात मराठी, बाजारात गुजराती आणि समुद्र फक्त सुट्टीतला. मी दांडिया बाजारात पाट्या रंगवतो. बायकोचं माहेर मात्र सिंधुदुर्गात, देवगडच्या बाजूला एका मासेमारीच्या गावात आहे. तिथे नवी होडी बांधायला घेतली की दोन-तीन महिन्यांत फोन येतोच: "भावजी, नाव काय ठेवूया?" अक्षरांचं काम करतो म्हणून नावही मीच सुचवावं, असं त्यांनी ठरवून टाकलंय. सासरच्या माणसांच्या मिळून चार होड्यांची नावं आजवर माझ्या हातून लिहून झाली. त्यातल्या शेवटच्या होडीचं नाव सुरुवातीपासून शेवटपर्यंत कसं ठरलं, ते इथे सांगतो. इथल्या पुष्कळ मराठी घरांचे सोयरे किनाऱ्यावर आहेत, त्यांनाही असा फोन कधी ना कधी येईल.

नावाची जुळणी बहुतेक वेळा तीन गोष्टींची असते. एक देव, एक घरातलं माणूस आणि एक आशेचा शब्द. तिघांना एका ओळीत बसवायचं म्हणजे तीन शब्द शेजारी शेजारी मांडून भागत नाही. नाव वाऱ्यात ओरडता यायला हवं, वायरलेसवर समजायला हवं, सरकारी कागदावर एकाच पद्धतीने उतरायला हवं आणि नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, मावायला हवं. यातलं एक जरी चुकलं तरी त्रास दहा-पंधरा वर्षं सोसावा लागतो, कारण रजिस्टरला चढलेलं नाव बदलायचं तर नोंदणी, परवाना, विमा, कर्ज असा प्रत्येक कागद पुन्हा करावा लागतो.

आधी वेळ बघा

पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात, माणसं घरी असतात, त्यामुळे नावाची चर्चा तेव्हाच करावी असं वाटतं. तसं करू नका. नोंदणीच्या अर्जात नाव लागतं आणि अक्षरांचा रंग पावसाच्या दमट हवेत नीट वाळत नाही. माझा अनुभव असा की नाव मार्चपर्यंत पक्कं व्हावं, अर्ज एप्रिलमध्ये जावा आणि अक्षरं मेच्या कोरड्या उन्हात लिहून व्हावीत. मग नारळी पौर्णिमेला होडीपुढे नारळ फुटतो तेव्हा कुणाचा हात रंगाच्या डब्यात नसतो.

देवाचं नाव: किती आणि कुठे

पहिला प्रश्न असतो कोणता देव. कुलदैवत दूर घाटावर, ग्रामदैवत गावात, आणि नवस बोललेला देव तिसराच. माझ्या मेव्हण्याच्या घरात तिन्ही होते. घरातल्या थोरल्यांनी एकच कसोटी लावली: वादळात होडी अडकली की तोंडातून आपोआप कोणाचं नाव येतं? उत्तर कुणकेश्वर आलं. कुणकेश्वराचं देऊळ समुद्राला लागूनच आहे आणि महाशिवरात्रीला तिथे मोठी जत्रा भरते. त्या बाजूच्या मच्छीमारांना तो देव रोजच्या येण्याजाण्यात दिसतो.

अडचण इथूनच सुरू होते. सगळ्यांचा तोच देव, म्हणून सगळ्यांच्या होड्यांवर तेच नाव. मी मेव्हण्याला सांगितलं, दोन दिवस संध्याकाळी जेटीवर वही घेऊन बस आणि लागणाऱ्या प्रत्येक होडीचं नाव लिहून काढ. हे काम कंटाळवाणं वाटतं, पण वगळू नका. त्याच्या वहीत 'कुणकेश्वर प्रसाद' तीन निघाल्या, 'कुणकेश्वर कृपा' दोन, आणि नुसत्या 'प्रसाद'ने संपणाऱ्या तर पानभर. अशा होड्यांना गावात कोणी नावाने ओळखतच नाही. "अमक्याच्या घरची", "निळी", "नवीन इंजिनवाली" अशा खुणा चालतात. गावात त्या पुरतात, पण समुद्रावर वायरलेसवरून मदत मागताना खूण सांगता येत नाही.

म्हणून आम्ही देवाचं नाव दोन जागी वाटलं. केबिनच्या आत, सुकाणूच्या वर, होडी हाकणाऱ्या तांडेलाच्या डोळ्यांसमोर पूर्ण नाव: 'श्री देव कुणकेश्वर प्रसन्न'. आणि बाहेर नाळेवर त्याचंच लहान रूप: 'शिव'. सासऱ्यांना सुरुवातीला हे पटेना. 'शिव' म्हटल्यावर कोणता शिव, असं ते म्हणाले, आणि गावाच्या दृष्टीने तो प्रश्न बरोबरच होता. पण केबिनमधली ओळ दाखवल्यावर ते शांत झाले. देवाला आत मानाची जागा मिळाली आणि बाहेरच्या नावात माणसासाठी जागा राहिली. ही युक्ती रवळनाथ, रामेश्वर, भराडी, एकवीरा अशा कुठल्याही दैवताला लागू पडते. पूर्ण नाव आत, आणि बाहेर एक-दोन अक्षरांचं रूप, जे त्या घरात खरोखर बोललं जातं. मनाने नवं रूप घडवू नका. आपल्याच देवाची हाक आपल्याला परकी वाटता कामा नये.

घरातलं माणूस: कोणाचं नाव

या पायरीवर घरं रुसतात. दोन भावांच्या भागीत होडी असेल आणि थोरल्याच्या मुलीचं नाव दिलं तर धाकट्याच्या घरात चहा गार होतो. बायकोचं नाव दिलं तर आई गप्प होते. अशा वेळी जिच्यावर सगळ्यांचा सारखा हक्क आहे, अशी एक पिढी वरची व्यक्ती शोधावी. मेव्हण्याने चर्चा न करताच सांगून टाकलं होतं, "माका आजयेचा नाव होडयेर व्हया, बाकी तुमी बघा." आजीचं नाव तारामती. नवरा समुद्रावर असताना टोपली डोक्यावर घेऊन पाच मुलांचं घर चालवलेली बाई. तिच्या नावाला घरात कोणीच नाही म्हटलं नाही.

आता नावाचं रूप. 'तारामती' चार अक्षरी, पण गावात तिला कोणी तारामती म्हणत नसे. जवळच्या बायका 'तारा' म्हणत. होडीवर घ्यायचं ते हाकेचं नाव, शाळेच्या दाखल्यावरचं नाही. इथे आणखी एक गोष्ट अनायासे जुळली. 'तारा' म्हणजे रात्री दिशा दाखवणारी चांदणी, आणि 'तारणे' या क्रियापदाची छायाही त्यात आहे. मराठीत कितीतरी बायकांच्या नावांत असा दुसरा अर्थ दडलेला असतो: जया, आशा, ज्योती, संपदा, मंगल. घरातलं नाव असं असेल तर आशेचा शब्द निवडताना तो अर्थ आधी मोजून घ्या, नाहीतर एकच गोष्ट दोनदा सांगितली जाते. 'आशा'च्या पुढे 'उमेद' जोडण्यात काही मिळत नाही.

'शिव' आणि 'तारा' एकत्र लिहायचे की वेगळे? एकत्र लिहिलं तर 'शिवतारा' हे नवं नाव तयार होतं. वेगळं लिहिलं तर यादी वाटते. आम्ही एकत्र लिहायचं ठरवलं. ऐकणाऱ्याला दोन्ही भाग स्वच्छ कळतात, कारण दोन्हींच्या मध्ये संधी होत नाही आणि कुठलंच अक्षर गिळलं जात नाही.

आशेचा शब्द: इथे आम्ही तीनदा चुकलो

पहिला शब्द अर्थातच 'प्रसाद'. जेटीवरच्या वहीने तो बाद केला. शिवाय मराठीत शब्दांच्या क्रमाने अर्थ ठरतो, हे इथे लक्षात ठेवायला हवं. 'कुणकेश्वर प्रसाद' म्हणजे कुणकेश्वराचा प्रसाद. 'तारा प्रसाद' म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात ताराचा प्रसाद येतो, म्हणजे आजीच देवी होते. प्रसाद, कृपा, आशीर्वाद हे शब्द आपल्या आधीच्या शब्दाला मालक करतात. त्यांच्या लगेच आधी देवच हवा, माणूस नको. देव, माणूस, मग कृपा असा क्रम बऱ्याच होड्यांवर दिसतो. तो वाचताना काहीतरी अडल्यासारखं वाटतं, त्याचं कारण हे आहे.

दुसरा शब्द मी सुचवला: 'उदय'. ताऱ्याचा उदय, अर्थ सुंदर. कागदावर 'शिवतारा उदय' मला फार आवडलं होतं. पण मेव्हण्याने तांडेलाला इंजिन चालू करून केबिनमध्ये उभं केलं, आपण जेटीच्या टोकाला गेला आणि नाव ओरडला. तांडेलाने परत सांगितलं, "शिवतारोदे?" मागच्या शब्दाच्या शेवटचा 'आ' आणि पुढच्याच्या सुरुवातीचा 'उ' आवाजात एकमेकांत मिसळले आणि 'तारोदय' झालं. संस्कृतच्या पुस्तकात जी संधी शिकवतात, ती इंजिनच्या आवाजात आपोआप झाली, आणि त्यात आजीचं नाव हरवलं. यातून आमचा नियम ठरला: आधीचा शब्द 'आ'ने संपत असेल तर पुढचा शब्द स्वराने सुरू होऊ द्यायचा नाही.

तिसरा शब्द 'भरती'. समुद्राची भरती, जिच्यावर होडी खाडीत शिरते, आणि टोपल्या भरण्याची भरती. किनाऱ्यावरच्या माणसाला यापेक्षा आशेचा शब्द कोणता मिळणार? आवाजाच्या कसोटीलाही तो उतरला. पण अर्जाच्या पडद्यावर नाव इंग्रजी अक्षरांत टाईप करावं लागतं. तिथे झालं `SHIVTARA BHARTI`, आणि बायकोच्या चुलतभावाने ते वाचलं 'शिवतारा भारती'. भारती कोण? घरात भारती नावाचं कोणी नाही आणि गावात दोन आहेत. इंग्रजीत `BHARTI` दोन्हींसाठी चालतं, त्यामुळे कागदावरून परत मराठीत येताना नाव बदलणार हे नक्की होतं. तो शब्दही सोडला.

शेवटी शब्द सासूबाईंकडून आला. त्या म्हणाल्या, आजी मासळी मोजताना 'एक' कधी म्हणत नसे. पहिली जोडी टोपलीत टाकली की 'बरकत' म्हणायची, मग 'दोन, तीन'. घाटावर धान्य मापताना काही घरांत पहिल्या मापाला 'लाभ' म्हणतात, तशीच ही रीत. एक हा आकडा एकटा आणि कमी वाटतो, म्हणून मोजणीची सुरुवातच शुभ शब्दाने करायची. तर शब्द ठरला 'बरकत'. आजी रोज ज्या शब्दाने दिवस उघडायची तो शब्द.

एका वयस्कर नातेवाईकांनी हरकत घेतली, की देवाच्या नावाशेजारी फारसी-अरबी वळणाचा शब्द कशाला. त्यांना सासूबाईंनीच उत्तर दिलं: "आजीच्या तोंडात होता तो." माझं मतही तेच आहे. बरकत हा मराठीत कधीपासून रुळलेला शब्द आहे. बाजारात तो सगळे वापरतात. त्या होडीवरच्या पाच खलाशांपैकी दोघे मुसलमान आहेत, त्यांनाही तो आपला वाटला. अर्थही मोठेपणा मिरवणारा नाही. 'विजय', 'राजा', 'सम्राट' असे शब्द होडीवर मला खटकतात, कारण समुद्रापुढे ते आव्हानासारखे वाटतात. बरकत म्हणजे हाती आलेलं पुरून उरणं, एवढंच मागणं.

कौल

नाव घरात ठरल्यावर मेव्हण्याने गावच्या देवळात कौल लावला. गुरव देवाला पानाफुलांचे कळे लावतो, गाऱ्हाणं घालतो आणि कोणत्या बाजूचा कळा आधी पडतो त्यावरून होकार-नकार समजतात. ज्यांची श्रद्धा आहे त्यांच्यासाठी एवढंच सांगतो: देवापुढे पाच नावांची यादी नेऊ नका. कौल हो किंवा नाही असाच मिळतो, म्हणून प्रश्नही एका नावाचाच हवा. आणि कसोट्या आधी लावा, कौल नंतर. एकदा उजवा, म्हणजे होकाराचा, कौल मिळाला की ते नाव बदलायला घरातलं कोणी धजावत नाही, मग वायरलेसवर ऐकू येवो न येवो.

वायरलेसची आणि कागदाची कसोटी

संकटात वायरलेसवर होडीचं नाव तीनदा सांगायचं असतं. हाक चॅनल 16 वर जाते आणि ती ऐकणारा माणूस गावचा असेलच असं नाही. तो तटरक्षक दलाचा, दुसऱ्या राज्याचा किंवा मालवाहू जहाजावरचाही असू शकतो. म्हणून नाव मराठी न येणाऱ्याला एकदा ऐकवा आणि त्याच्याकडून परत म्हणवून घ्या. मी बडोद्यात माझ्या दुकानाशेजारच्या गुजराती शिंप्याला फोनवरून 'शिवतारा बरकत' सांगितलं. त्याने पहिल्या खेपेस बरोबर लिहून घेतलं. 'कुणकेश्वर' मात्र त्याने 'कनकेश्वर' लिहिलं. तीनदा म्हणून बघा, सलग, दमलेल्या आवाजात. जीभ अडखळली तर नाव लांब आहे. माझ्या अंदाजाने बोलण्यात सहा ठोक्यांपेक्षा जास्त असू नयेत. 'शिव-ता-रा बर-कत' पाच ठोक्यांचं आहे.

मग इंग्रजी स्पेलिंग. महाराष्ट्रात मासेमारी होडीची नोंदणी `ReALCraft` या ऑनलाइन प्रणालीतून होते आणि पुढचा प्रत्येक कागद त्याच नोंदीवर उभा राहतो. एकच मराठी नाव इथे तीन प्रकारे लिहिता येतं: `SHIVTARA`, `SHIV TARA`, `SHIVATARA`. उच्चार तिघांचा सारखाच, पण संगणकाला ती तीन वेगळी नावं आहेत. सासरच्या एका जुन्या होडीच्या नोंदीत देवाच्या नावाआधी `SHREE` होतं आणि विम्याच्या कागदात `SHRI`. वादळात होडीचं नुकसान झालं तेव्हा नुकसानभरपाई या दोन अक्षरांपायी कित्येक महिने अडून राहिली. ही होडी तीच आहे असं प्रतिज्ञापत्र करून द्यावं लागलं.

म्हणून एका कागदावर नाव मराठीत आणि त्याखाली ठळक इंग्रजी अक्षरांत लिहा, त्याचा फोटो काढा आणि बँक, विमा, सोसायटी, अर्ज भरून देणारा मुलगा, सगळ्यांना तोच फोटो द्या. तोंडी सांगू नका. 'श्री' लावायची असेल तर ती केबिनमधल्या ओळीत लावा. नोंदीच्या नावात ती नसलेली बरी, कारण तिचीच स्पेलिंग सगळ्यांत जास्त फिरते. आमच्या होडीची नोंद झाली ती अशी: `SHIVTARA BARKAT`.

अक्षरं किती मोठी

हा माझा भाग, म्हणून जरा थांबून सांगतो. नाव ठरवणाऱ्याने हे रंगाऱ्यावर सोडू नये. अक्षर मावतं की नाही हे नाव ठरवतानाच बघायचं असतं.

नाळेजवळ, वरच्या पट्टीखाली, जिथे फळी त्यातल्या त्यात सपाट असते ती जागा मोजा. आमच्या होडीवर साडेपाच फूट, म्हणजे 66 इंच मिळाले. दोन्ही टोकांना दीड-दीड इंच सोडून 63 इंच. आता नावाची रुंदी मोजा: प्रत्येक अक्षराला एक घर, प्रत्येक काना किंवा वेलांटीच्या दांडीला अर्धं घर, दोन शब्दांमध्ये एक घर. 'शिवतारा बरकत'मध्ये अक्षरं आठ, म्हणून आठ घरं. शि, ता, रा यांच्या दांड्यांचं दीड घर. मधली जागा एक. एकूण साडेदहा. 63 भागिले साडेदहा, म्हणजे सहा इंचांचं घर, आणि साधारण तेवढीच अक्षराची उंची. ठोकळ हिशेब आहे, पण दर वेळी उपयोगी पडलाय. आता हाच हिशेब 'श्री कुणकेश्वर तारामती प्रसाद' याला लावा. साडेअठरा घरं होतात, म्हणजे अक्षर साडेतीन इंचांचंही होत नाही. बंदरातून बाहेर पडणाऱ्या दुसऱ्या होडीवरून ते वाचता येत नाही.

दुसरी गोष्ट देवनागरीची खास आहे. आपल्या लिपीत शिरोरेषेच्या वर वेलांट्या-मात्रा जातात आणि खाली उकार व जोडाक्षरांचे पाय लोंबतात. होडीची खालची पट्टी जेटीच्या टायरांना घासते आणि पाय आधी झिजतात. 'कु'चा उकार गेला की 'क' उरतो. 'शिवतारा बरकत'मध्ये ओळीखाली काहीच नाही आणि जोडाक्षरही नाही. वर फक्त शिची वेलांटी, तिला दोन इंच ठेवले. हे आम्ही ठरवून केलं असं म्हणणार नाही, पण बाद झालेल्या नावांकडे बघताना ते माझ्या लक्षात आलं, आणि तेव्हापासून नाव सुचवतानाच मी ओळीखाली बघतो.

तिसरी गोष्ट दोन बाजूंची. होडीच्या डाव्या बाजूला उभे राहून बघाल तर नाळ तुमच्या डाव्या हाताला असते, म्हणून नाव नाळेपासून सुरू होतं. उजव्या बाजूला नाव नाळेपाशी संपतं. नवखा रंगारी दोन्हीकडे डावीकडून लिहायला घेतो आणि उजव्या बाजूला शेवटची अक्षरं वळणात चिणतो. उजव्या बाजूचं नाव शेवटच्या अक्षरापासून मागे मोजत खडूने आखावं. आणि दोन्हीकडे नाळेपासून हातभर जागा मोकळी ठेवावी, तिथे नांगराचा दोर घासतो. देवाचं नाव असल्याने हे अधिकच जपावं लागतं.

रंग

होडीच्या अंगाचा रंग राज्याने ठरवून दिलेला असतो आणि नोंदणी क्रमांकही (`IND-MH` ने सुरू होणारा) ठळक लिहावा लागतो. नावाला उरतो तो अक्षरांचा रंग. तिथे एकच सांगणं: फिकट पार्श्वभूमीवर काळं, गडद पार्श्वभूमीवर पांढरं. पहिल्या होडीवर मी दुकानाच्या पाटीसारखी तीन रंगांची सावली दिली होती. किनाऱ्यावर सगळ्यांनी कौतुक केलं आणि पाण्यावर शंभर हातांवरून ते नाव नुसता डाग दिसत होतं. तेव्हापासून सावली बंद. सहा इंचांच्या अक्षराला एक इंच जाडीची रेघ, कोपरे साधे.

त्याच होडीवरचा रंग पहिल्याच हंगामात पोपडे येऊन निघाला होता. कारण मीठ. फळी समुद्रकिनाऱ्यावर उभी असते, हात फिरवला तर कोरडी लागते, पण अंगावर खारट थर असतो. तो रंगाखाली राहिला की ओल धरतो आणि रंग उचलून टाकतो. आधी गोड्या पाण्याने दोनदा धुवा, पूर्ण वाळू द्या, मग पॉलिश पेपर मारा, पुसा, प्रायमर द्या आणि त्यावर इनॅमलचे दोन हात, मध्ये एक रात्र. होडी नव्या फायबरची असेल तर साच्यातून निघताना तिच्यावर मेणाचा हात राहिलेला असतो. तो थिनरच्या फडक्याने आधी काढावा लागतो, मगच पेपर. मेण उरलंय की नाही ते पाणी शिंपडून कळतं: थेंब गोळे होऊन घरंगळले तर अजून आहे, पाणी पसरलं तर रंगाला हरकत नाही.

आखणी मी बडोद्यातच करून नेतो. पूर्ण मापाच्या कागदावर अक्षरं काढून, काठाने टाचणीची भोकं पाडून, तिथे फक्त कोळशाची पूड थापायची. या वेळी तो कागद प्लायवर लावून सुरसागरच्या कठड्याशी मुलाला धरायला लावला आणि मी तलावाच्या पलीकडच्या काठावर गेलो. पाण्यावरून वाचायची सवय आम्हाला तेवढीच. तलावाच्या मधोमध शंकराची मूर्ती आणि तिच्या बाजूने दिसणारं 'शिवतारा'. 'बरकत'मधले 'ब' आणि 'र' एकमेकांना चिकटल्यासारखे वाटले, म्हणून दोघांमध्ये अर्धा इंच वाढवला आणि तेवढा शेवटच्या समासातून कापला.

होडी पाण्यात ढकलायच्या दिवशी गुरवाने गाऱ्हाणं घातलं. गाऱ्हाण्यात देवाचं पूर्ण नाव येतं, मालकाचं येतं, होडीचं येतं, आणि प्रत्येक मागण्याला जमलेली माणसं 'होय म्हाराजा' म्हणतात. गुरवाला नाव आधी दोन दिवस कळवलेलं बरं, म्हणजे ऐन वेळी अडखळत नाही. त्याने 'शिवतारा बरकत' म्हटलं आणि मागून सगळे 'होय म्हाराजा' म्हणाले, तेव्हा सासूबाईंनी नाळेवर हळद-कुंकू लावलं. अक्षरांवर नाही, नाळेपाशी सोडलेल्या त्या हातभर मोकळ्या जागेवर. पुढच्या होडीपासून ती जागा मी त्यासाठीही सोडणार आहे.